सातासमुद्रापारच्या गिऱ्हाइकासाठी: मुदत, ड्युटी, प्लग आणि माप

भारतातून परदेशी ग्राहकाला वस्तू विकायची असेल, तर ऑनलाइन लिस्टिंगमध्ये चार प्रश्नांची उत्तरे आधीच लिहिलेली असावी लागतात. पार्सल कधी पोहोचेल, कस्टम ड्युटी कोण भरेल, विजेची वस्तू तिकडच्या सॉकेटमध्ये बसेल का, आणि दिलेले माप कोणत्या पद्धतीचे आहे. फोटो आणि वर्णन पाहून ग्राहक वस्तू पसंत करतो. पण पार्सल परत येणे, पैसे परत मागणे आणि वाईट शेरा मिळणे या गोष्टी बहुतेक वेळा या चार उत्तरांतल्या उणिवेमुळे घडतात.

उदाहरणासाठी कोल्हापुरातला एक छोटा विक्रेता घेऊ. तो दोन वस्तू विकतो: हाताने शिवलेली चामड्याची कोल्हापुरी चप्पल आणि पितळी समईच्या घाटाचा विजेचा टेबल लॅम्प. ग्राहक दोन ठिकाणचे आहेत, एक लंडनमधला आणि एक अमेरिकेतल्या न्यू जर्सीचा. विक्रेत्याकडे आयात-निर्यात क्रमांक, म्हणजे आयईसी, आहे. हा दहा अक्षरांचा क्रमांक आता पॅनसारखाच असतो आणि विदेश व्यापार महासंचालनालय तो देते. निर्यातीवर जीएसटी आधी भरावा लागू नये म्हणून त्याने एलयूटीही दाखल केले आहे. हे कागद तयार असतील, तरच लिस्टिंगमधल्या वचनांना आधार असतो.

मुदतीत दोन वेगळे काळ असतात आणि ते एकत्र करून लिहिले की गैरसमज होतो. पहिला काळ तयारीचा: वस्तू बनवणे, तपासणे, बांधणे. दुसरा प्रवासाचा. तयार जोड असेल तर तयारीला तीन कामाचे दिवस पुरतात. मापाप्रमाणे नवी चप्पल शिवायची असेल तर तेवढ्यात होत नाही, आणि पावसाळ्यात चामडे वाळायलाच वेळ लागतो. म्हणून जून ते सप्टेंबर या काळासाठी तयारीचे दिवस वेगळे ठेवणे रास्त आहे.

प्रवासाचेही टप्पे आहेत. डाकेने पाठवायचे असल्यास पार्सल डाकघर निर्यात केंद्रात बुक होते आणि तिथेच ऑनलाइन पोस्टल बिल ऑफ एक्स्पोर्ट भरले जाते. मग ते विदेश डाकघरात जाते, कस्टमचे अधिकारी कागद पाहतात, विमानाने ते पुढे जाते, तिकडच्या कस्टममधून सुटते आणि शेवटी तिथल्या पोस्टमनच्या हाती पडते. मधले दोन कस्टमचे टप्पे विक्रेत्याच्या हातात नसतात. म्हणूनच ठरावीक तारीख न देता मुदतीचा पल्ला द्यावा. ट्रॅकिंगमध्येही एक शांत काळ येतो. पार्सल भारतातून निघाल्याची नोंद झाल्यावर परदेशात उतरल्याची नोंद होईपर्यंत काही दिवस काहीच हालचाल दिसत नाही, आणि नेमके तेव्हाच ग्राहक घाबरून संदेश पाठवतो. हा काळ येणार हे लिस्टिंगमध्ये एका वाक्यात सांगून ठेवले, तर निम्मी पत्रापत्री वाचते. डाकेचा ट्रॅकिंग क्रमांक दोन अक्षरे, नऊ अंक आणि शेवटी भारताची दोन अक्षरे अशा आंतरराष्ट्रीय साच्यात असतो. त्यामुळे तोच क्रमांक ग्राहकाला त्याच्या देशाच्या टपाल खात्याच्या साइटवरही टाकता येतो, हेही सांगावे.

आता प्रत्यक्ष हिशेब. न्यू जर्सीच्या ग्राहकाने शुक्रवारी संध्याकाळी मागणी नोंदवली. त्या वेळी कोल्हापुरात शनिवारची पहाट झालेली असते. तयारीचे तीन कामाचे दिवस सोमवार, मंगळवार, बुधवार असे मोजले जातात आणि पार्सल गुरुवारी बुक होते. प्रवासाला दोन ते चार आठवडे धरले, तर ग्राहकाच्या शुक्रवारपासून मोजलेली खरी मुदत वीस ते चौतीस दिवसांची होते. लिस्टिंगमध्ये नुसते ‘दोन ते चार आठवडे’ लिहिले असेल, तर ग्राहक शुक्रवारपासूनच मोजणार आणि एकोणतिसाव्या दिवशी पार्सल हरवल्याची तक्रार करणार. त्यामुळे दिवस कामाचे की कॅलेंडरचे आणि ते कधीपासून मोजायचे, हे दोन्ही लिहायला हवे.

चार आठवड्यांचा आकडा ठरवायचा कसा? स्वतःच्या मागच्या पार्सलांची वही काढून. समजा दहापैकी आठ पार्सले बारा ते अठरा दिवसांत पोहोचली आणि दोन सव्वीस दिवसांनी. सरासरी काढली तर आकडा अठराच्या आसपास येतो, पण सरासरी लिहिली की दहातले दोन ग्राहक नक्की नाराज होतात. वचन सव्वीसचेच द्यावे. दिवाळी, गणेशोत्सव आणि तिकडच्या नाताळाच्या गर्दीसाठी त्यात आणखी काही दिवस घालावेत. खासगी कुरिअर बहुधा आठवडाभरात पोहोचवतो, पण महाग पडतो. शिवाय तो वजन दोन प्रकारे मोजतो. ३२ × २२ × १२ सेंटिमीटरच्या पेटीत चपलेचे खरे वजन एक किलो असले, तरी लांबी, रुंदी आणि उंचीचा गुणाकार पाच हजाराने भागून १.६९ किलो हे आकारमानी वजन निघते आणि जे जास्त त्यावर भाडे लागते.

कधी कधी सगळे वेळापत्रकच कोलमडते. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली ड्युटीमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून सर्व देशांसाठी बंद केली. त्यामुळे भारतीय डाक विभागाने २५ ऑगस्टपासून अमेरिकेला जाणारी बहुतेक पार्सले घेणे थांबवले, ते १५ ऑक्टोबरला पुन्हा सुरू झाले. त्या सात आठवड्यांत ज्यांच्या लिस्टिंगमध्ये जुनीच मुदत झळकत राहिली, त्यांची वचने पाळली जाणे शक्यच नव्हते. लिस्टिंगमधला मुदतीचा मजकूर सणासुदीला आणि अशा बातम्या आल्यावर हाताने बदलावा लागतो.

ड्युटीचा प्रश्न तीन गोष्टींवर ठरतो: वस्तू कोणत्या वर्गात मोडते, तिची किंमत किती आणि ती कोणत्या देशात जाते. वर्ग ठरवणारा आकडा म्हणजे एचएस कोड. त्याचे पहिले सहा अंक जवळपास सगळ्या जगात सारखे असतात. इथे कोल्हापुरी चपलेचे एक वैशिष्ट्य आहे. ६४०३.२० हा उपवर्ग तिच्यासाठीच लिहिल्यासारखा वाटतो: तळ चामड्याचा, आणि वरचा भाग पावलावरून जाणाऱ्या व अंगठ्याभोवतीच्या चामडी पट्ट्यांचा. अमेरिकेच्या मूळ दरपत्रकात या उपवर्गावर ड्युटी शून्य आहे.

पण घसरू नये म्हणून तळाला रबराचा थर लावला, तर बाहेरचा तळ चामड्याचा उरत नाही आणि चप्पल दुसऱ्या उपवर्गात जाते, जिथे ड्युटी लागते. ग्राहकाने ‘रबरी सोल लावून द्या’ असे सांगितले, तर विक्रेत्याला कोडही बदलावा लागतो. हे न करता जुनाच कोड लिहिला, तर तपासणीत पार्सल अडकते. म्हणून रबरी तळाच्या जोडासाठी लिस्टिंगही वेगळी ठेवलेली बरी.

मूळ दर शून्य असला म्हणजे पार्सल फुकट सुटते, असेही नाही. अमेरिकेने २०२५ मध्ये भारतीय मालावर मूळ दराशिवाय जादा शुल्क लावले, आणि ऑगस्टअखेरीस ते ५० टक्क्यांवर गेले. त्यानंतर हे दर पुन्हा बदलत राहिले. म्हणून लिस्टिंगमध्ये टक्केवारीचा आकडा लिहिण्यापेक्षा ड्युटी कोण भरणार हे लिहिणे टिकाऊ ठरते. डाकेने अमेरिकेला जाणाऱ्या पार्सलाची ड्युटी बुकिंगच्या वेळीच भारतात भरण्याची पद्धत आता आली आहे. याचा अर्थ न्यू जर्सीच्या ग्राहकाला दारात पैसे मागितले जात नाहीत, पण विक्रेत्याच्या खिशातून ते आधी जातात. ते किमतीत धरलेले नसले, तर नफा सरळ नाहीसा होतो. बुकिंगच्या दिवशीचा दर पाहून किंमत ठरवणे आणि लिस्टिंगमध्ये ‘अमेरिकेची आयात ड्युटी किमतीत धरलेली आहे’ असे स्पष्ट लिहिणे, हा तिथला सरळ मार्ग आहे.

लंडनच्या ग्राहकाचा हिशेब वेगळा. ब्रिटनमध्ये पार्सलमधल्या मालाची किंमत १३५ पौंडांपर्यंत असेल, तर कस्टम ड्युटी लागत नाही. २० टक्के व्हॅट मात्र विक्रीच्या वेळीच वसूल होतो, आणि मोठ्या ऑनलाइन बाजारपेठेवरून विकल्यास तो बाजारपेठच ग्राहकाकडून घेऊन भरते. समजा जोड ६० पौंडांचा आणि पाठवणी १५ पौंडांची. ७५ पौंडांवर १५ पौंड व्हॅट ग्राहक मागणी नोंदवतानाच देतो आणि पार्सल दारात आल्यावर काही मागितले जात नाही.

त्याच ग्राहकाने तीन जोड एकाच पार्सलात मागवले, तर मालाची किंमत १८० पौंड होते आणि १३५ ची मर्यादा ओलांडली जाते. ही मर्यादा एका नगासाठी नसून पूर्ण पार्सलासाठी आहे, आणि नेमका याच ठिकाणी अनेकांचा हिशेब चुकतो. २० पौंड पाठवणी धरून २०० पौंड झाले. ड्युटी समजा ८ टक्के असेल, तर १६ पौंड. व्हॅट ड्युटीसकट रकमेवर लागतो, म्हणजे २१६ वर २० टक्के, ४३ पौंड २० पेन्स. एकूण ५९ पौंड २० पेन्स आणि वर पार्सल सोडवण्याचे टपाल खात्याचे शुल्क. हे सगळे ग्राहकाला पार्सल हाती येण्याआधी भरावे लागते. लिस्टिंगमध्ये याची कल्पना दिली नसेल, तर पार्सल नाकारले जाते आणि कोल्हापूरला परत निघते. मोठ्या मागण्यांसाठी ‘१३५ पौंडांवरील पार्सलावर ड्युटी, व्हॅट आणि हाताळणी शुल्क ग्राहकाकडे’ असे ठळक लिहावे.

काही ग्राहक ‘किंमत कमी दाखवा’ किंवा ‘भेटवस्तू म्हणून पाठवा’ असे सुचवतात. हे खोटे जाहीर करणे आहे आणि त्याचा धोका विक्रेत्यावर येतो. पोस्टल बिलावरची किंमत, बाजारपेठेवरची किंमत आणि बँकेत आलेले परकीय चलन या तिन्ही नोंदी जुळाव्या लागतात. पार्सल हरवले तर भरपाईही कागदावरच्या कमी किमतीचीच मिळते.

विजेच्या लॅम्पकडे वळले, की प्रश्न नुसत्या प्लगच्या आकाराचा राहत नाही. भारतात २३० व्होल्ट आणि ५० हर्ट्झ वीज असते. घरातला नेहमीचा तीन गोल पिनांचा प्लग डी प्रकारचा. ब्रिटनमध्ये दाब तोच, पण प्लग जी प्रकारचा, तीन चौकोनी पिनांचा. अमेरिकेत १२० व्होल्ट आणि ६० हर्ट्झ, दोन चपट्या पिनांचा ए किंवा गोल अर्थिंग पिनेसह बी प्रकारचा प्लग. बाजारात मिळणारा स्वस्त अॅडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो, व्होल्टेज बदलत नाही. लिस्टिंगमध्ये ‘सोबत अॅडॅप्टर देऊ’ एवढेच लिहिणे लंडनसाठी अपुरे आणि न्यू जर्सीसाठी दिशाभूल करणारे ठरते.

कारण असे. २३० व्होल्टचा तापणारा दिवा १२० व्होल्टवर लावला, तर वीज जवळपास चौथा हिस्साच ओढली जाते आणि दिवा मिणमिणता जळतो. २२०-२४० व्होल्ट छापलेला एलईडी बल्ब अंधूक पेटतो, लुकलुकतो किंवा पेटतच नाही. शिवाय भारतात बल्बचा होल्डर बहुधा पिनेचा, बी२२ प्रकारचा असतो. तसा बल्ब अमेरिकेच्या दुकानात सहज मिळत नाही, तिथे आट्याचा ई२६ होल्डर चालतो. म्हणजे लॅम्प पोहोचला तरी लावायला बल्बच नाही, अशी वेळ येते. ब्रिटनमध्ये बी२२ चालतो, युरोपात ई२७ आणि ई१४ हे आट्याचे होल्डर सर्रास असतात.

पितळी लॅम्पला आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. धातूचे अंग उघडे असल्यामुळे त्याला अर्थिंग हवे, म्हणजे तीन तारांची केबल. दोन पिनांचा प्लग लावायचा असेल, तर आतली जोडणी दुहेरी आवरणाची असायला हवी. आट्याच्या होल्डरमध्ये फेज मधल्या टोकाला आणि न्यूट्रल आट्याच्या कड्याला जोडणे आवश्यक असते. उलट झाले तर बल्ब बदलताना बोट कड्याला लागून शॉक बसू शकतो. भारतातल्या पिनेच्या होल्डरची सवय असलेल्या कारागिराला हा फरक सांगावा लागतो. ब्रिटनमध्ये तर कायदाच आहे. १९९४ च्या नियमांनुसार घरगुती विजेची वस्तू तिथल्या प्रमाणाच्या, फ्यूज असलेल्या प्लगसह विकावी लागते. भारतीय प्लग लावलेला लॅम्प आणि वर सुटा अॅडॅप्टर, हा तोडगा तिथे चालत नाही.

छोट्या विक्रेत्याला यातून सुटायचे दोन खरे मार्ग आहेत. पहिला, लॅम्पमध्ये पाच व्होल्टचा एलईडी बसवून यूएसबी-सी केबल देणे. ग्राहक स्वतःच्या देशातला मोबाइलचा चार्जर वापरतो, व्होल्टेज, प्लग आणि बल्ब हे तिन्ही प्रश्न एकदम सुटतात. दुसरा, वायरिंगशिवाय फक्त पितळी अंग विकणे आणि ते दिव्याचे अंग आहे, विजेचा भाग ग्राहकाने स्थानिक इलेक्ट्रिशियनकडून बसवायचा आहे, असे पहिल्याच ओळीत लिहिणे. लॅम्पसोबत तयार पॉवर अॅडॅप्टर देत असल्यास त्याच्या पाठीवरचा मजकूर वाचावा. इनपुट १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असे छापलेले असेल, तर तो जगात कुठेही चालतो; फक्त २२०-२४० असेल, तर अमेरिकेसाठी नाही. हाच मजकूर लिस्टिंगमध्ये जसाच्या तसा उतरवावा आणि लेबलचा फोटोही टाकावा. होल्डरचा प्रकार, बल्बचे जास्तीत जास्त वॉट आणि केबलची लांबी हेही तिथेच लिहावे.

परदेशातल्या मराठी घरांना हवा असणारा मिक्सर या बाबतीत जास्त अवघड आहे. ७५० वॉटचा भारतीय मिक्सर अमेरिकेत चालवायचा, तर १२० चे २३० व्होल्ट करणारा ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्याची क्षमता मिक्सरच्या वॉटच्या निदान दुप्पट असावी, कारण मोटर सुरू होताना जास्त वीज ओढते. ब्रश असलेल्या मिक्सरच्या मोटरला ६० हर्ट्झचा त्रास होत नाही. इंडक्शन मोटरचा वेट ग्राइंडर मात्र तिथे सुमारे वीस टक्के जास्त वेगाने फिरतो. अशा वस्तूंसाठी ‘फक्त २३० व्होल्टच्या देशांत’ ही मर्यादा घालून टाकणे प्रामाणिकपणाचे आहे.

मापाचा घोळ चपलेत सर्वात जास्त होतो. भारतातले पादत्राणांचे नंबर बहुतेक ब्रिटिश पद्धतीचे आहेत. त्यात एका नंबराचा फरक एक तृतीयांश इंच, म्हणजे सुमारे ८.५ मिलिमीटर. युरोपीय पद्धतीत हा फरक सुमारे ६.७ मिलिमीटर आहे, म्हणून दोन्ही तक्ते कुठेच अचूक जुळत नाहीत आणि अर्धे नंबर निघतात. अमेरिकेत पुरुषांचा नंबर ब्रिटिश नंबरापेक्षा अर्ध्या ते एकाने आणि बायकांचा साधारण दोनाने मोठा असतो. न्यू जर्सीच्या ग्राहक बाईंनी आपल्या नेहमीच्या सवयीने ‘८’ निवडला आणि लिस्टिंगमध्ये पद्धत लिहिलेली नसेल, तर कोल्हापूरहून ब्रिटिश ८ जातो. त्यांना हवा होता ब्रिटिश ६. चप्पल सुमारे १७ मिलिमीटर लांब निघते आणि टाचेमागे बाहेर डोकावते.

यावर भरवशाचा उपाय एकच: नंबराला दुय्यम ठेवून पावलाची लांबी सेंटिमीटरमध्ये मागणे. ग्राहकाने संध्याकाळी, पाय किंचित सुजलेले असताना, कागदावर उभे राहून टाचेपासून सर्वात लांब बोटापर्यंत मोजावे, दोन्ही पाय मोजून मोठा आकडा द्यावा. पाऊल २६ सेंटिमीटर असेल, तर हिशेब असा होतो. २६ सेंटिमीटर म्हणजे १०.२४ इंच, त्याची तिप्पट ३०.७, त्यातून २३ वजा केले की ७.७. म्हणजे ब्रिटिश साडेसात किंवा आठ, अमेरिकी पुरुषांचा साडेआठ ते नऊ, युरोपीय ४१ ते ४२. या पल्ल्यातून जोड निवडायचा तो तळाची प्रत्यक्ष लांबी मोजून. पुढे-मागे थोडी जागा राहून तळ साडेसव्वीस ते सत्तावीस सेंटिमीटरचा हवा. प्रत्येक जोडाची ही लांबी लिस्टिंगमध्ये असावी, कारण हाताने कापलेल्या तळात एकाच नंबराच्या दोन जोडांत थोडा फरक पडतोच.

रुंदी विसरली जाते. कोल्हापुरी चप्पल नवी असताना घट्ट बसते, कारण पट्ट्याला बक्कल नसते आणि अंगठ्याची कडी पक्की शिवलेली असते. वापराने चामडे रुंदीत सैल होते, लांबीत वाढत नाही. म्हणून रुंद पावलाच्या ग्राहकाने मोठा नंबर घेतला, तर टाच लांबते आणि पट्टा तरीही आवळतोच. पावलाच्या सर्वात रुंद जागेचे माप मागून रुंद तळाचा जोड पाठवणे हाच इलाज. ‘पहिले काही दिवस घट्ट वाटेल’ हे वाक्य लिस्टिंगमध्ये नसेल, तर ग्राहक ते दोष समजतो.

कपड्यांतही अडचण तीच, पण सुटका सोपी. कुर्त्याचा ‘४२’ हा अंगाच्या छातीचा की कापडाच्या घेराचा, हे लिहावे. तयार कपडा सपाट पसरून काखेखालची रुंदी मोजून दुप्पट करावी आणि इंच व सेंटिमीटर दोन्ही द्यावेत. ब्लाऊजच्या शिवणीत आत किती कापड सोडले आहे तेही सांगावे, म्हणजे तिकडे उसवून वाढवता येते.

माप चुकून चप्पल परत आलीच, तर परतीचे भाडे कोण देणार हे आधी ठरलेले हवे. परदेशात भरलेली ड्युटी आपोआप परत मिळत नाही, ती ग्राहकाने तिथल्या कस्टमकडे मागावी लागते. आणि जोड भारतात परत येताना हाच माल आपण निर्यात केला होता हे दाखवता आले नाही, तर इथेही आयात ड्युटी मागितली जाऊ शकते. त्यासाठी पोस्टल बिलाची प्रत, मूळ इनव्हॉइस आणि ट्रॅकिंग क्रमांक प्रत्येक मागणीसोबत जपून ठेवावेत, आणि परत पाठवताना पेटीवर ‘परत आलेला माल’ असे लिहून जुना क्रमांक टाकायला ग्राहकाला लेखी सांगावे.